कीर्तनाचा लेखी सारांश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या मंडळाची कीर्तनं ध्वनिमुद्रित होतात. कुणीतरी ती ऐकून शब्दन् शब्द टाइप करतं आणि मग त्या पंचवीस-तीस पानांची दोन पानं करायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं. ते दोन पानी टिपण गुडघ्यांमुळे बैठकीला येऊ न शकणाऱ्या आजी-आजोबांकडे जातं आणि पुण्या-बंगळुरूला गेलेल्या नातवंडांच्या फोनवरही जातं. हे काम नव्याने हाती घेणारे जे प्रश्न पाठवत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुद्दाम एकाच नारदीय कीर्तनातली घेतली आहेत : पूर्वरंगाला तुकोबांचा ‘जे का रंजले गांजले’ हा अभंग आणि उत्तररंगाला एकनाथ महाराजांनी तहानलेल्या गाढवाला गंगेची कावड पाजल्याचं आख्यान.

१. दोन तासांच्या कीर्तनाचा सारांश किती मोठा असावा?

नारदीय कीर्तनात नमन, पदं, गजर, मध्यंतरातला बुक्का-हार आणि शेवटची आरती बाजूला काढली, तर निव्वळ बोलणं साधारण सव्वा तासाचं निघतं. टाइप केल्यावर त्याचे आठ-नऊ हजार शब्द होतात. आम्ही त्याचे 700 शब्दांच्या आसपास करतो आणि त्यातले निम्म्याहून जास्त आख्यानाला देतो, कारण घरी बसून वाचणाऱ्याच्या लक्षात राहते ती गोष्ट. 400 च्या खाली गेलात तर आख्यानाची बातमी होते : ‘एकनाथांनी गाढवाला पाणी पाजले.’ हे तर वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं.

२. मजकूर हातात आला. वाचायला कुठून सुरुवात करू?

शेवटापासून. नारदीय कीर्तनकार आख्यान संपवून पुन्हा पूर्वरंगातल्या अभंगावर येतो, मग ‘हेचि दान देगा देवा’ आणि आरती. त्या परतीच्या चार-पाच मिनिटांत बुवा स्वतःच्या तोंडाने गोष्ट आणि अभंग यांची गाठ मारतात. ती गाठ आधी वाचून घ्या, म्हणजे पहिल्या पानापासून वाचताना कुठला दृष्टांत गाठीकडे नेतो आणि कुठला सहज आला ते ओळखू येतं. पहिल्या पानापासून सुरुवात करणारे बहुतेक जण पूर्वरंगातच 500 शब्द खर्च करतात आणि आख्यान शेवटच्या परिच्छेदात कोंबतात.

परतीचा भाग बऱ्याचदा टाइपच झालेला नसतो. टाइप करणारा ‘(अभंग पुन्हा)’ असं लिहून उठतो. तसं दिसलं तर ध्वनिमुद्रणाची शेवटची वीस मिनिटं स्वतः ऐका.

३. टाइप केलेला अभंग चुकीचा वाटतो. गाथेप्रमाणे सुधारू का?

आधी चूक कुणाची ते बघा. आमच्या उदाहरणातल्या अभंगात एक चरण आहे : ‘ज्यासी आपंगिता नाही । त्यासी धरी जो हृदयी’. आपंगिता म्हणजे आपलं म्हणून जवळ घेणारा, सांभाळणारा. टाइप होऊन आलेल्या मजकुरात तो चरण ‘ज्यासी अपंगता नाही’ असा होता. कान रोजच्या शब्दाकडे वळतो, त्याला इलाज नाही. पण अर्थ पार उलटा झाला. टाइप करणाऱ्याची अशी चूक छापील गाथेवरून निःशंक सुधारा.

बुवांनीच वेगळा पाठ म्हटला असेल तर तो तसाच ठेवा. अभंगांना पाठभेद असतात आणि बुवांनी ज्या शब्दावर निरूपण केलं तोच शब्द सारांशात लागतो. बुवांची जीभ सरळ सरळ घसरली असेल, म्हणजे पैठणच्या जागी पंढरपूर वगैरे, तर गाजावाजा न करता बरोबर शब्द घाला.

४. तात्पर्य काय लिहायचं? गोष्ट तर सगळ्यांना माहीत असते.

गोष्ट सगळ्यांची असते, तात्पर्य त्या रात्रीच्या बुवांचं असतं. कावडीच्या आख्यानावर दहा कीर्तनकार दहा ठिकाणी बोट ठेवतील. कुणी भूतदया सांगेल, कुणी कर्मकांडापेक्षा करुणा थोर म्हणेल, कुणी सर्वांभूती ईश्वर. तुम्हाला आधीपासून ठाऊक असलेलं तात्पर्य लिहून मोकळं होणं हा या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे, कारण ते चुकलंय हे वाचणाऱ्याला कधीच कळत नाही.

आमच्या उदाहरणात पहिल्या मसुद्यात शेवटचं वाक्य होतं : ‘प्राणिमात्रांवर दया करावी, हा बोध या कीर्तनातून मिळतो.’ ऐकायला बरोबर. आता बुवा आख्यानात काय म्हणाले ते पाहा :

‘कुंभाराचं गाढव होतं ते. पाठीवर माती वाहत होतं तोवर त्याला मालक होता, दावं होतं, वेळेवर पाणी होतं. पाय मोडला, वाळवंटात सोडून दिलं. आता सांगा, कुणाचं ते? ज्यासी आपंगिता नाही!’

आणि परतीच्या वेळी : ‘रामेश्वर लांब आहे, राहू द्या. आज घरी जाल ना, तेव्हा मागच्या खोलीत डोकावून बघा कोण बसलंय.’

म्हणजे बुवांचा रोख नुसत्या दयेवर नव्हता. उपयोग संपला की ज्याला कुणी आपलं म्हणत नाही, त्याच्यावर होता. गाढव हे त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं रूप करून उभं केलं होतं. ‘प्राणिमात्रांवर दया’ लिहिलं असतं तर मागची खोली गेली असती आणि तिच्याबरोबर कीर्तनही.

रोख ओळखायला तीन जागा तपासाव्या. उत्तररंगात बुवा अभंगाचा कुठला चरण परत परत गातात ते पाहा. इथे तो ‘जे का रंजले’ नव्हता, ‘आपंगिता’ होता. सारांशाच्या डोक्यावर पहिल्या ओळीबरोबर हा चरणही यायला हवा. मग नेहमीच्या गोष्टीत बुवांनी स्वतःचं काय घातलं ते शोधा. कुंभार, माती, मोडलेला पाय हे सगळं त्यांचं; कुणी उगाच भर घालत नाही. तिसरी जागा परतीची गाठ, तिच्याबद्दल प्रश्न २ मध्ये आलंच आहे. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर तात्पर्य सापडलं. तीन वेगवेगळ्या दिशा निघाल्या तर प्रश्न १२ पाहा.

आणखी एक. बुवांनी तात्पर्य प्रश्नाच्या किंवा चित्राच्या रूपात सांगितलं असेल तर त्याचं उपदेशवाक्य करू नका. ‘वृद्धांचा सांभाळ करावा’ हे वाक्य बुवा बोललेच नाहीत. ‘मागच्या खोलीत डोकावून बघा’ हेच लिहा.

५. आख्यानातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं?

ज्याच्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही ते ठेवा, नुसतं रंगवण्यासाठी आलेलं गाळा. या आख्यानात उन्हाचं वर्णन दहा मिनिटं चाललं होतं. त्याला अर्धं वाक्य पुरतं. पण कावड उत्तरेतून गंगेचं पाणी घेऊन निघाली आणि रामेश्वराच्या अभिषेकासाठी चालली होती, हे गाळलंत तर पाण्याची किंमतच कळत नाही.

गाळू नये अशी एक बारीक जागा दाखवतो. कावडीला दोन घागरी असतात. बुवांनी सांगितलं की नाथांनी पहिली घागर रिकामी केली, गाढवाने मान उचलली, आणि मग सोबतचे यात्रेकरू म्हणाले, ‘चला, झालं पुण्य, उरलेल्या घागरीत अभिषेक होऊन जाईल.’ नाथांनी दुसरीही ओतली. गोष्टीचं वळण इथे आहे. पहिली घागर कुणीही दिली असती, रामेश्वर सोडावा लागला तो दुसरीपाशी. मसुद्यात नुसतं ‘कावडीतले पाणी पाजले’ असं होतं, आणि दोन घागरींमधला तो क्षण नाहीसा झाला होता.

आमच्या अंतिम सारांशातला हा भाग असा उतरला :

‘गंगेची कावड घेऊन नाथ रामेश्वराला निघाले होते. वाटेत वाळवंटात पाय मोडलेलं एक गाढव तडफडत पडलेलं दिसलं. माती वाहत होतं तोवर त्याला मालक होता, आता कुणी नव्हतं. नाथांनी एक घागर त्याच्या तोंडी लावली. गाढवाने मान उचलली. बरोबरचे म्हणाले, उरलेल्या घागरीत अभिषेक होईल, चला. नाथांनी दुसरी घागरही ओतली आणि म्हणाले, माझा रामेश्वर इथेच पावला.’

यात शब्द कमी झाले, पण घटनांचा क्रम हलला नाही. बुवांनी एखादी गोष्ट लपवून ठेवून शेवटी उलगडली असेल तर तुम्हीही ती शेवटीच उलगडा. सारांश म्हणून पहिल्याच ओळीत सगळं सांगून टाकायची सवय वर्तमानपत्राला शोभते, आख्यानाला नाही.

६. बुवा एका ठिकाणी एक म्हणतात आणि लगेच त्याच्या उलट. खरं मत कुठलं?

बहुतेक वेळा पहिलं मत बुवांचं नसतंच. निरूपणाची जुनी रीत आहे : आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याची शंका त्याच्याहून जोरात आपणच बोलून दाखवायची, आणि मग सिद्धांत सांगून ती खोडायची. प्रत्यक्ष ऐकताना घोटाळा होत नाही. बुवा आवाज बदलतात, मान तिरकी करतात, उपरणं झटकतात. कागदावर यातलं काहीच येत नाही. कागदावर एवढंच दिसतं :

‘संकल्प केला तो पुरा करावा. शास्त्र आहे. संकल्प मोडला की दोष लागतो. एवढी पायपीट केली, आणि एका गाढवासाठी सगळी वाया? अहो पण देवाला पाणी कमी होतं का?’

एका मदतनीस ताईंनी यावरून प्रामाणिकपणे लिहिलं, ‘संकल्प मोडणे हा दोष आहे असे बुवांनी सांगितले.’ बुवा सांगत होते नेमकं त्याच्या उलट. पहिली चार वाक्यं यात्रेकरूंची होती, बुवांचं बोलणं ‘अहो पण’पासून सुरू झालं.

‘कुणी म्हणेल’, ‘तुम्ही विचाराल’, ‘आता एक शहाणा म्हणाला’ अशी सुरुवात दिसली की पूर्वपक्ष आला समजा. ‘अहो पण’, ‘नाही नाही’, ‘तर मंडळी’ इथे तो संपतो. आमच्या उदाहरणासारखी सुरुवातीची खूण नसेल तर ती जागा ध्वनिमुद्रणावर ऐका. आवाज दहा सेकंदांत सांगून टाकतो.

पूर्वपक्ष सारांशातून काढून मात्र टाकू नका. शंका गेली की उत्तर हवेत लोंबकळतं. ती ज्याची आहे त्याच्या तोंडी घाला : ‘यात्रेकरूंना वाटलं, संकल्प मोडला तर दोष लागेल.’

७. मजकुरात ‘मी’ आणि ‘महाराज’ इतक्या वेळा येतं की कोण कोण ते कळत नाही.

बुवा आख्यानात पात्रं होऊन बोलतात, त्यामुळे ‘मी ठरवलं’ हे नाथ म्हणाले, यात्रेकरू म्हणाला, की बुवांनी स्वतःचा अनुभव सांगितला, हे मागच्या-पुढच्या वाक्यांवरूनच लावावं लागतं. सारांश करण्याआधी मजकुराच्या समासात पेन्सिलीने प्रत्येक ‘मी’समोर नाव लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

‘महाराज’ तर आमच्या गावात विशेषच. एका कीर्तनात तो शब्द नाथांना, तुकोबांना, बुवांच्या गुरूंना, समोर बसलेल्या यजमानांना आणि शिंद्यांनाही लागू शकतो. सारांशात ‘महाराज’ एकटा सोडू नका, नावासकट लिहा.

८. साक्या, दिंड्या, आर्या यांचं काय?

आख्यानातली पदं दोन प्रकारची असतात. काही आधी बोलून झालेलंच पुन्हा गातात, ती गाळा. काहींमधून मात्र गोष्ट पुढे सरकते : बुवा बोलायचे थांबतात, एक साकी म्हणतात, आणि साकी संपते तेव्हा प्रसंग बदललेला असतो. टाइप करणाऱ्याने तिथे नुसतं ‘(साकी)’ लिहिलं असेल तर गोष्टीला भोक पडतं. एखाद्या ठिकाणी कथा उडी मारल्यासारखी वाटली की त्या कंसावर संशय घ्या. अशा पदाचा आशय गद्यात एका वाक्यात द्यावा.

९. विनोद, टोमणे, यजमानांचं कौतुक?

यजमानांचं कौतुक, माइकबद्दलची तक्रार, उशिरा आलेल्यांवरची कोटी : सगळं जाऊ द्या. जिवंत माणसाचं नाव घेऊन केलेली थट्टाही. समोर बसून हसण्यात जे खपतं ते छापलं की डंख होतं. विनोदाला दृष्टांताचं काम असेल, म्हणजे तो काढला की मुद्दा समजत नाही, तरच ठेवा. आणि तो सांगताना समजावत बसू नका.

१०. आमचे बुवा मध्येच हिंदीत जातात. सगळं मराठी करू?

इकडे ते होणारच. तानसेन समारोहाच्या सकाळी ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा आणि मिलाद शेजारी शेजारी होतात, त्या गावात श्रोता एकभाषी कुठून असणार? बुवा तोच मुद्दा आधी मराठीत आणि मग शेजारच्या मंडळींसाठी हिंदीत सांगत असतील तर मराठी ठेवा; पण हिंदी आवर्तनात काही नवं आलंय का ते तपासा, कारण दुसऱ्यांदा सांगताना बुवा बहुधा जास्त मोकळे होतात. दोहा, चौपाई, म्हण मात्र जशीच्या तशी हिंदीत राहू द्या.

११. बुवांनी सांगितलेली गोष्ट आम्ही वाचलेल्या गोष्टीपेक्षा वेगळी आहे. दुरुस्त करायची?

नाही. कुणी नाथांची कावड काशीहून निघाली म्हणतं, कुणी प्रयागहून. सारांश त्या कीर्तनाचा आहे, नाथांच्या चरित्राचा नाही. चमत्काराचंही तेच : बुवांनी श्रद्धेने सांगितला तर श्रद्धेने लिहा. ‘असे मानले जाते’ जोडून हात झटकू नका आणि पदरचा एखादा चमत्कार वाढवूही नका. (दुसऱ्या चुकीची मोहिनी जास्त आहे, विशेषतः आमच्या पिढीला.)

१२. कीर्तनात दोन तात्पर्यं निघतात. एकच निवडू का?

आधी ती खरंच दोन आहेत का ते बघा. पूर्वरंगात साधूचं लक्षण सांगितलं आणि उत्तररंगात मागची खोली, तर ते सिद्धांत आणि त्याचं उदाहरण आहे. पहिलं एका वाक्यात आधी, दुसरं शेवटी. कधी कधी मात्र बुवा आख्यानाच्या भरात खरोखर वेगळीकडे जातात आणि अभंगाकडे परतायला वेळच उरत नाही. तेव्हा दोन्ही लिहा आणि सांधा स्वतः जोडू नका. ‘वेळेअभावी बुवांनी अभंगावर परत न येता आरती घेतली’ एवढं म्हटलं की वाचणारा समजतो.

१३. वारकरी कीर्तनाला हीच पद्धत चालेल का? आणि प्रवचनाला?

अर्धीच. वारकरी कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंग अशी फोड नसते. एकच अभंग शेवटपर्यंत असतो, चरणाचरणाने उलगडतो, आणि दृष्टांत मधे मधे येतात. तिथे सारांशाचा कणा म्हणजे चरणांचा क्रम. प्रत्येक चरणाखाली दोन-तीन वाक्यं आणि ज्या दृष्टांतावर बुवा सर्वांत जास्त थांबले तो एकच सविस्तर. सगळे दृष्टांत एकेका ओळीत दिलेत तर यादी होते, कीर्तन उरत नाही.

प्रवचनात गोष्ट बहुधा आधारापुरती असते आणि युक्तिवाद मुख्य. तिथे प्रश्न ६ मधली पूर्वपक्षाची काळजी दुप्पट घ्या, प्रश्न ५ कमी लागेल.

१४. सारांश बुवांना दाखवायचा का? ते बदल सुचवतील तर?

शक्य असेल तेव्हा दाखवाच, आणि पाठवताना ‘कसं वाटलं’ असं विचारू नका; बुवा भिडस्तपणे ‘छान’ म्हणून सोडून देतात. दोनच प्रश्न विचारा : तात्पर्याचं वाक्य तुमचं आहे का, आणि गोष्टीतलं काही सुटलं का.

आपण चुकीचं ऐकलेलं बुवांनी दुरुस्त केलं तर बिनतक्रार बदला. पण वाचताना त्यांना नवीन काही सुचलं, त्या रात्री न बोललेला एखादा दृष्टांत किंवा अधिक गोळीबंद उपदेश, तर तो मजकुरात मिसळू नका. खाली वेगळी ओळ द्या : ‘बुवांनी नंतर कळवलेले’. सारांशावर कीर्तनाची तारीख असते आणि त्या रात्री समोर बसलेले लोकही तो वाचणार असतात.